तासाच्या मजुरीवरून महिन्याची आणि वर्षाची कमाई कशी काढावी : आठवडे कमी-जास्त भरणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात मी महिला बचत गटांचे हिशेब लिहिते. गटातील एक सदस्य तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात बिले करण्याचे आणि साठ्याची नोंद ठेवण्याचे काम तासावर करते. तिला तासाला ७० रुपये मिळतात. दुकानात गर्दी असली की मालक बोलावतात आणि गर्दी नसली की "उद्या येऊ नका, ताई" असा निरोप येतो. त्यामुळे तिचा कोणताही आठवडा दुसऱ्या आठवड्यासारखा नसतो. एका जुलैमध्ये तिने जुनी स्कुटी घेण्यासाठी गटाकडे कर्ज मागितले, तेव्हा अर्जात "मासिक उत्पन्न" असा रकाना होता. ती म्हणाली, "ताई, महिन्याचे किती पडतात ते मले सांगताच येत नाही." मग मी तिच्या आधीच्या चार आठवड्यांचे तास मोजले. ते १३६ भरले. त्याला ७० ने गुणले आणि रकान्यात ९,५०० रुपये लिहिले. त्या आकड्यावर २,५०० रुपयांचा मासिक हप्ता ठरला. मार्चपर्यंत तिने तो ओढून ताणून भरला आणि एप्रिलमध्ये तो थकला, कारण त्या महिन्यात तिच्या हाती दोन हजार रुपयेसुद्धा आले नव्हते.

चूक तिची नव्हती, माझ्या हिशेबाची होती. मी पेरणीचे चार आठवडे घेतले आणि त्यांनाच महिना मानले. नंतर मे महिन्यात आम्ही दोघी तिची वर्षभराची वही घेऊन बसलो आणि हिशेब पहिल्यापासून मांडला. तोच हिशेब खाली पायरीपायरीने दिला आहे. कृषी केंद्राऐवजी औषधांचे दुकान, झेरॉक्सचे दुकान, शिकवणी वर्ग किंवा जिनिंगचे काटाघर असले, तरी तासावर पगार आणि कमी-जास्त आठवडे असतील, तर रीत हीच राहते.

पहिली पायरी : तास नीट लिहिणे

सगळा हिशेब तासांच्या बेरजेवर उभा असतो, म्हणून आधी वही पाहावी. वहीत रोजची तारीख, कामावर लागण्याची वेळ, सुटण्याची वेळ आणि पगार धरलेले तास एवढे चार रकाने पुरतात. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. काही दुकानांत जेवणाची सुट्टी पगारात धरत नाहीत आणि काही ठिकाणी अर्ध्या तासापेक्षा कमी जादा वेळ सोडून दिला जातो. दुकानात किती वेळ घालवला आणि किती वेळाचे पैसे मिळाले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कमाई काढताना दुसरीच धरावी लागते. पहिलीही लिहून ठेवावी, कारण दोन्हींतला फरक मोठा होऊ लागला तर मालकाशी बोलताना ती नोंद उपयोगी पडते.

येथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी थोडे थांबले पाहिजे. तास आणि मिनिटे आपण ५.३० अशी लिहितो, मग मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तेच आकडे जसेच्या तसे टाकून बेरीज करतो. कॅल्क्युलेटर ५.३० म्हणजे साडेपाच समजत नाही. त्याच्या लेखी तो पाच पूर्णांक तीन दशांश असतो, म्हणजे पाच तास अठरा मिनिटे. या सदस्याच्या पेरणीच्या एका आठवड्यात सोमवारी ५ तास ३० मिनिटे, मंगळवारी ४ तास ४५ मिनिटे, बुधवारी ७ तास १५ मिनिटे, गुरुवारी ६ तास २० मिनिटे, शुक्रवारी ६ तास ४० मिनिटे आणि शनिवारी पूर्ण ५ तास काम झाले होते. कॅल्क्युलेटरवर तशीच बेरीज केली की ३४.५० येते. बरोबर बेरीज अशी करायची : आधी फक्त तास मोजायचे, ते ३३ होतात, मग फक्त मिनिटे मोजायची, ती १५० होतात, १५० ला ६० ने भागले की अडीच तास येतात. एकूण साडेपस्तीस तास. एका आठवड्यात एक तास, म्हणजे ७० रुपये, नुसत्या बेरजेत गळाले होते.

ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. कॅल्क्युलेटरवर आलेल्या उत्तरात बिंदूनंतर ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, उदाहरणार्थ ३१.८५, तर ती मिनिटे असूच शकत नाहीत. मात्र तसा आकडा दिसला नाही म्हणून बेरीज बरोबरच आहे असेही म्हणता येत नाही, कारण वरच्या उदाहरणात ३४.५० हा आकडा दिसायला अगदी निर्दोष होता. म्हणून तास आणि मिनिटे वेगवेगळी मोजण्याची सवय लावावी. पाव तासाला ०.२५, अर्ध्या तासाला ०.५ आणि पाऊण तासाला ०.७५ असे रोजच्या रोज लिहिले, तर पुढे थेट बेरीज करता येते.

दुसरी पायरी : आठवड्यांची यादी, रिकाम्या आठवड्यांसह

रोजच्या नोंदीवरून प्रत्येक आठवड्याची बेरीज काढून एका पानावर ओळीने ५२ आठवडे मांडावेत. ज्या आठवड्यात काम मिळाले नाही, त्या आठवड्याची ओळ वगळू नये. तेथे शून्य लिहावे. वहीत काम झालेल्या दिवसांचीच नोंद असते, त्यामुळे रिकामे आठवडे वहीतून आपोआप नाहीसे होतात, आणि सरासरी फुगण्याचे हे एक मोठे कारण आहे. शून्याची ओळ लिहिण्यासाठी दिनदर्शिका शेजारी घेऊन बसावे लागते.

वर्ष कोणते धरायचे, हाही प्रश्न येतो. कोणतेही सलग ५२ आठवडे चालतील. पण आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते आणि तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढताना त्याच वर्षाचा आकडा लागतो, म्हणून वही एप्रिलपासून सुरू केलेली बरी. शिवाय विदर्भातील कृषी केंद्राचे वर्षही साधारण असेच चालते. एप्रिल-मेच्या उन्हात दुकान शांत असते, जूनमध्ये कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या बियाण्यासाठी रांगा लागतात, पुढे खत आणि फवारणीची औषधे विकली जातात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभरा आणि गव्हाचे बियाणे निघते, आणि त्यानंतर काम पुन्हा ओसरत जाते.

या सदस्याच्या ५२ आठवड्यांचे आम्ही पाच भाग केले. तिच्या वहीतून निघालेले तास असे होते :

| काळ | आठवडे | एकूण तास | ७० रुपयांप्रमाणे कमाई |
|---|---|---|---|
| एप्रिल-मे | ९ (त्यांपैकी २ रिकामे) | ५६ | ३,९२० |
| जून ते जुलैचा तिसरा आठवडा | ७ | २३८ | १६,६६० |
| तेथून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत | ११ | २१६ | १५,१२० |
| तेथून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत | ९ (त्यांपैकी १ रिकामा) | १८० | १२,६०० |
| उरलेला डिसेंबर ते मार्चअखेर | १६ (त्यांपैकी २ रिकामे) | १६० | ११,२०० |
| एकूण | ५२ | ८५० | ५९,५०० |

रिकाम्या आठवड्यांमागे प्रत्येकी वेगळे कारण होते. लग्नसराईत दोन आठवडे तिला बोलावणेच आले नाही, दिवाळीच्या आठवड्यात दुकान बंद होते, आणि डिसेंबरात घरच्या कपाशीची वेचणी असल्यामुळे दोन आठवडे तिनेच सुट्टी घेतली. हिशेबासाठी कारण कोणतेही असो, तासाच्या मजुरीत त्या आठवड्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तो शून्यच. एखाद्या मालकाने सणाच्या दिवसाचे पैसे दिले, तर मात्र तेवढे तास पगारी तास म्हणून लिहावेत.

तिसरी पायरी : वर्षाची रक्कम आधी, महिन्याची नंतर

बहुतेक जण आधी महिना काढतात आणि त्याला १२ ने गुणून वर्ष काढतात. कमी-जास्त आठवड्यांच्या कामात हा क्रम उलटा ठेवावा. वर्षाचे एकूण तास गुणिले दर ही वर्षाची कमाई. तिला १२ ने भागले की महिन्याची सरासरी. येथे ८५० गुणिले ७० म्हणजे ५९,५०० रुपये वर्षाला, आणि त्याला १२ ने भागून ४,९५८ रुपये महिन्याला. बोलताना "महिन्याला सरासरी पाच हजारांच्या आसपास" असे म्हटले तरी चालेल, कारण हा अंदाज आहे आणि त्यात सुट्या रुपयांना अर्थ नाही.

एवढा सोपा हिशेब असताना तो का चुकतो, हे समजून घेण्यासाठी त्याच वहीवर तीन चुकीच्या रिती लावून पाहिल्या.

पहिली रीत मीच वापरली होती. जुलैतल्या चार आठवड्यांचे ९,५२० रुपये म्हणजे महिना, आणि त्याचे १२ पट, म्हणजे १,१४,२४० रुपये वर्षाला. खऱ्या कमाईच्या जवळजवळ दुप्पट. हाती असलेला ताजा महिना सगळ्यात खरा वाटतो, कारण ते पैसे नुकतेच हातात पडलेले असतात. परंतु हंगामी दुकानात ताजा महिना फक्त हंगाम सांगतो. एप्रिलमध्ये अर्ज भरला असता, तर मी उलट दिशेने तेवढीच मोठी चूक केली असती.

दुसरी रीत रिकामे आठवडे वगळण्याची. ८५० तासांना ५२ ऐवजी काम झालेल्या ४७ आठवड्यांनी भागले, तर आठवड्याची सरासरी १८ तासांच्या थोडी वर जाते आणि ती ५२ आठवड्यांना लावली की वर्षाचे ६५,८३० रुपये दिसतात. म्हणजे ६,३३० रुपये असे, जे कधी मिळालेच नाहीत. सरासरी ४७ आठवड्यांची काढली असेल, तर गुणायचेही ४७ नेच. भागाकार एका संख्येने आणि गुणाकार दुसऱ्या संख्येने झाला की चूक झालीच.

तिसरी रीत दिसायला निरुपद्रवी आहे : महिना म्हणजे चार आठवडे. आठवड्याची सरासरी १६.३५ तास, म्हणजे १,१४४ रुपये. त्याचे चार पट ४,५७७ रुपये. पण १२ महिन्यांना चार-चार आठवडे दिले, तर ४८ आठवडेच होतात आणि वर्षातले चार आठवडे कोठेच मोजले जात नाहीत. वर्षाच्या ३६५ दिवसांना ७ ने भागले की ५२.१४ आठवडे येतात, आणि त्यांना १२ ने भागले की एका महिन्याला ४.३४५ आठवडे येतात. म्हणून आठवड्याच्या कमाईवरून महिना काढायचाच असेल, तर चारने गुणू नये, ४.३४५ ने गुणावे. कागदावर तोंडी हिशेब करताना सव्वाचार पट आणि वर थोडे, असे धरले तरी जमते. या उदाहरणात नुसत्या चारने गुणल्यामुळे वर्षाला ४,५७७ रुपये कमी दिसतात, म्हणजे बरोबर चार आठवड्यांची कमाई.

आणखी एक आकडा लोकांच्या तोंडी असतो, तो २६ दिवसांचा. आठवड्याला सहा दिवस, ५२ आठवड्यांचे ३१२ दिवस, आणि त्यांना १२ ने भागले की २६; असा तो आलेला आहे. रोज पूर्णवेळ कामावर येणाऱ्या माणसासाठी तो योग्य आहे. तासाचा दर ७० असेल तर ७० गुणिले ८ तास गुणिले २६ दिवस, म्हणजे १४,५६० रुपये, हे पूर्णवेळ कामाचे महिन्याचे मोल झाले. अर्धवेळ, बोलावले तर येणाऱ्या बाईला हा आकडा लावता येत नाही. "पगार तसा चौदा हजारांचा आहे" असे कोणी म्हटले, तर तो दर सांगत आहे, कमाई नाही, हे ध्यानात ठेवावे.

वर्षभराची वही नसेल तर

अनेक जणींनी काम नुकतेच सुरू केलेले असते, किंवा वही मध्येच सुरू केलेली असते. अशा वेळी हाती असलेल्या आठवड्यांची सरासरी थेट ५२ ने गुणण्याचा मोह होतो. वरच्याच वहीत फक्त जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे १८ आठवडे हाती आहेत असे धरू. त्यांचे तास ४५४ आहेत, आठवड्याची सरासरी २५ तासांच्या थोडी वर आहे, आणि ५२ आठवड्यांना लावली तर वर्षाची कमाई सुमारे ९१,८०० रुपये येते. अठरा आठवडे म्हणजे चार महिन्यांहून जास्त, तरीही आकडा दीडपटीहून वर गेला. नोंद किती लांब आहे यापेक्षा तिच्यात वर्षाचे सगळे हंगाम आले आहेत का, हे अधिक महत्त्वाचे असते.

तेव्हा वर्षाचे हंगामी भाग आधी पाडून घ्यावेत. जे भाग वहीत आहेत, तेथे खरे तास लिहावेत. जे नाहीत, त्यांच्यासाठी आदल्या वर्षी त्याच जागी काम करणाऱ्या व्यक्तीला किंवा मालकालाच विचारावे : "भाऊ, मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास आठवड्यातून किती दिवस बोलावत होते?" महिन्याला किती तास, असे विचारले तर नेमके उत्तर मिळत नाही. सणाचा किंवा हंगामाचा संदर्भ देऊन दिवस विचारले, तर माणसाला आठवते. दुकानातील बिलबुकेही मदतीला येतात. कोणत्या महिन्यात किती बिलबुके संपली, यावरून गर्दीच्या आणि रिकाम्या महिन्यांचे प्रमाण कळते, फक्त बिलांवरून तासांचा नेमका आकडा काढू नये.

उरलेल्या ३४ आठवड्यांसाठी मग एक आकडा न धरता दोन धरावेत, एक कमीत कमी आणि एक जास्तीत जास्त. चौकशीवरून आठवड्याला ९ ते १४ तास मिळतील असे दिसले, तर त्या काळाचे ३०६ ते ४७६ तास होतात. हाती असलेले ४५४ त्यात मिळवले की वर्षाचे ७६० ते ९३० तास, म्हणजे ५३,२०० ते ६५,१०० रुपये. वहीतला खरा आकडा ५९,५०० होता, तो या दोन टोकांच्या मध्येच पडतो. असा पट्टा सांगणे अपुरे वाटते, पण एका चुकीच्या आकड्यावर हप्ता ठरवण्यापेक्षा ते बरे. पुढे प्रत्येक भाग संपला की त्याचे खरे तास भरत जावेत, म्हणजे पट्टा आपोआप आखूड होत जातो.

पूर्ण वर्षाची वही असली तरी पुढचे वर्ष हुबेहूब तसेच जाईल असे नाही. पाऊस लांबला तर गर्दी जूनऐवजी जुलैत येते. त्याने महिने बदलतात, वर्षाची बेरीज फारशी बदलत नाही. दुबार पेरणीची वेळ आली तर मात्र बियाण्यासाठी पुन्हा रांग लागते आणि तास वाढतात. शेतकऱ्याच्या नुकसानीतून आलेले ते तास पुढच्या वर्षी गृहीत धरू नयेत. दोन वर्षांच्या वह्या असतील, तर दोन्ही वर्षांच्या तासांची सरासरी घ्यावी आणि दर मात्र आजचा लावावा.

मध्येच दर बदलला तर

समजा, वर्षाच्या सुरुवातीला दर ६५ होता आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून तो ७० झाला. पुष्कळ जण दोन्हींची सरासरी ६७.५० काढून ती सगळ्या तासांना लावतात. तसे केले तर ८५० तासांचे ५७,३७५ रुपये येतात. परंतु जुन्या दराने झालेले तास जास्त होते. आधीचे ५१० तास गुणिले ६५ म्हणजे ३३,१५०, आणि नंतरचे ३४० तास गुणिले ७० म्हणजे २३,८००. बेरीज ५६,९५० रुपये. वर्षभराचा खरा सरासरी दर ६७ रुपये पडला. फरक येथे ४२५ रुपयांचाच आहे, पण दरवाढ मोठी असेल किंवा गर्दीचा हंगाम पूर्णपणे एकाच दरात गेला असेल, तर तो वाढतो. दर बदलला त्या तारखेला वहीत आडवी रेघ मारून ठेवली, की हा गोंधळ होत नाही.

पुढच्या वर्षाचा अंदाज काढताना जुना दर विसरून सगळ्या ८५० तासांना ७० लावावे. झालेल्या वर्षाचा हिशेब आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज या दोन्हींसाठी तास तेच राहतात, दर वेगळा असू शकतो.

दिवाळीची रक्कम, उचल आणि वाटखर्च

दिवाळीला मालकाने काही रक्कम दिली, तर ती वर्षाच्या कमाईत शेवटी मिळवावी, दरात मिसळू नये. २,००० रुपये मिळाले असतील, तर वर्षाचे ६१,५०० होतील. ती रक्कम दर वर्षी मिळेलच असे नसते, म्हणून पुढच्या अंदाजात धरताना विचारून धरावी.

उचलीबद्दल अनेकींचा गैरसमज असतो. पोळ्याला १,५०० रुपये उचल घेतली आणि ती सप्टेंबरच्या पगारातून कापली गेली, म्हणून सप्टेंबरची कमाई कमी होत नाही. ते पैसे आधीच हातात आले होते. कमाई नेहमी तासांवरून मोजावी, पाकिटात आलेल्या नोटांवरून मोजू नये. पाकिटावरून मोजले, तर उचल घेतलेला महिना आणि ती फिटलेला महिना दोन्ही खोटे बोलतात.

वाटखर्च मात्र वेगळ्या ओळीत लिहावाच. ही सदस्य गावाहून काळी-पिवळीने येते. जाण्या-येण्याचे ६० रुपये लागतात. सहा तासांच्या दिवशी ४२० रुपयांतून ६० गेले तर जाणवत नाही, पण मार्चमध्ये दोन तासांसाठी बोलावले, तर १४० रुपयांतून ६० जातात आणि तासाला ४० रुपयेच उरतात. वर्षात ती १९० दिवस कामावर गेली. त्या दिवसांचे ११,४०० रुपये प्रवासात गेले, आणि ५९,५०० मधून ४८,१०० रुपये हातात उरले, म्हणजे महिन्याला सरासरी ४,००८. हे दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांची जागा वेगळी आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मिळकत विचारली जाते, तेथे वाटखर्च वजा केलेली रक्कम सांगायची नसते. शिवाय तेथे शेतीसह घरातील सर्वांचे उत्पन्न एकत्र लागते आणि झालेल्या वर्षाची प्रत्यक्ष बेरीज लागते, अंदाज नाही. घरखर्च आणि हप्ता ठरवताना मात्र वाटखर्च जाऊन उरलेला आकडाच धरावा.

सरासरी महिना आणि सगळ्यात कोरडा महिना

सरासरी ४,९५८ रुपये असली, तरी त्या वर्षाच्या बहुतेक महिन्यांत तिला त्याच्या आसपास रक्कम मिळालीच नाही. डिसेंबर ते मार्चच्या १६ आठवड्यांत आठवड्याला ७०० रुपये पडले, म्हणजे ४.३४५ ने गुणून महिन्याला सुमारे ३,०४० रुपये. एप्रिल-मेत आठवड्याला ४३५ रुपये, म्हणजे महिन्याला १,८९० च्या आसपास. २,५०० चा हप्ता सरासरीच्या निम्म्याच्या आसपास असूनही एप्रिलमध्ये का थकला, ते येथे दिसते.

म्हणून अर्ज किंवा अंदाजपत्रक लिहिताना आता मी प्रत्येक सदस्याचे तीन आकडे लिहिते : वर्षाची एकूण कमाई, महिन्याची सरासरी, आणि सगळ्यात कोरड्या काळातली महिन्याची कमाई. कोरडा काळ निवडताना एकच वाईट आठवडा घेऊ नये, पूर्ण हंगामी भाग घ्यावा. वर्षभर एकसारखा भरायचा हप्ता तिसऱ्या आकड्याला पाहून ठरवायचा. हप्ता त्याहून मोठा हवा असेल, तर फरकाचे पैसे पेरणीच्या सात आठवड्यांतच बाजूला काढावे लागतात. या सदस्याच्या बाबतीत आम्ही मासिक हप्ता १,२०० वर आणला आणि जून-जुलैत दोनदा ४,००० रुपयांचा जादा भरणा ठरवला. त्या सात आठवड्यांत तिची कमाई १६,६६० रुपये असते, त्यामुळे तेवढी रक्कम काढणे तिला झेपते.

वर्ष संपल्यावर वही बंद करू नये. दर महिन्याच्या शेवटी नवे चार-पाच आठवडे यादीत खाली जोडावेत आणि वरचे तेवढेच जुने आठवडे खोडावेत, म्हणजे यादीत नेहमी शेवटचे ५२ आठवडेच राहतात आणि सरासरीत सगळे हंगाम कायम असतात. मालकाने हळूहळू तास कमी करायला सुरुवात केली असेल, तर ते याच यादीतून लवकर कळते : या वर्षीच्या जूनचे तास मागच्या जूनशी ताडून पाहावेत, मागच्या महिन्याशी नाही. गेल्या जून-जुलैच्या सात आठवड्यांत २३८ तास होते. यंदा त्याच सात आठवड्यांत ते २०० च्या खाली गेले आणि पेरणी वेळेवर झालेली असली, तर बाकीचे वर्ष तसेच जाईल असे धरून सगळा अंदाज नव्याने मांडावा आणि हप्त्याबद्दल गटाच्या पुढच्या बैठकीतच बोलावे.